लिफ्टमध्ये आणि सकाळच्या फेरीत: अनोळखी माणसाला नमस्कार करावा का, आणि म्हणावं काय

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्या माणसाची रोज दोन ठिकाणी अनोळखी चेहऱ्यांशी गाठ पडते. एक लिफ्ट, दुसरं सकाळी फिरायला जायची टेकडी, मैदान किंवा बाग. दोन्हीकडे मनात येणारा प्रश्न एकच असतो, बोलावं की नाही. उत्तर मात्र एक नाही. लिफ्टमध्ये समोरच्याला निघून जाता येत नाही आणि फेरीत तो तीन सेकंदांत निघून जातो. काय बोलायचं आणि किती, हे सगळं या एका फरकावरून ठरतं.

आधी ठरवा: बोलायचं का?

एकच गोष्ट तपासा. हा माणूस पुन्हा भेटणार आहे का? सोसायटीच्या लिफ्टमधला भेटणारच, म्हणून तिथे नमस्कार करावा. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आपल्याच मजल्यावर उतरणाऱ्याला करावा, बाकीच्यांना नुसती मान हलवली तरी चालते. मॉल, रेल्वे स्टेशन, सरकारी कचेरी इथल्या लिफ्टमध्ये काही बोलायची गरज नाही. तिथे नमस्कार घातला तर समोरचा आधी ‘यांना मी कुठे बघितलंय’ याच विचारात पडतो. रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये तर गप्पच राहावं. तिथल्या माणसाच्या हातात कसला रिपोर्ट आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ‘काय, कसं काय?’ या साध्या वाक्याला त्या वेळी त्याच्याजवळ उत्तर नसतं.

फिरायच्या वाटेवरही हाच नियम. रोज ठरावीक वेळी दिसणाऱ्याला नमस्कार करावा. पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत किंवा मरीन ड्राइव्हवर शेकडो माणसं एका वेळी चालत असतात. तिथे प्रत्येकाला नमस्कार करणारा निवडणुकीचा उमेदवार वाटतो. याउलट वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला पहाटे साडेपाचच्या अंधारात समोरून एकटाच माणूस येत असेल, तर तो रोजचा नसला तरी एक शब्द बोलावा. अंधारात आवाज ऐकला की समोरची सावली म्हणजे चालायला आलेला माणूस आहे हे दोघांनाही कळतं. तिथे तेवढ्यासाठीच बोलायचं.

काही माणसांना कुठेही हटकू नये: धावणारा, डोळे मिटून प्राणायामाला बसलेला, फोनवर बोलणारा, आणि चढावर धाप लागलेला. शेवटच्याला ‘नमस्कार’ म्हटलं तर तो बिचारा श्वास तोडून उत्तर देतो.

लिफ्टमधली चाळीस सेकंदं

भारतात निवासी इमारतींत सर्रास दिसणारी सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते, म्हणजे माणशी ६८ किलो धरलेले. तिचा डबा साधारण एक मीटर खोल आणि जेमतेम त्याहून रुंद. त्यात तिघं उभे राहिले की खांद्यात हातभराचंही अंतर उरत नाही. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसं एकमेकांत किती अंतर राखतात याची वर्गवारी मांडली. तिच्यात साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त जिवलगांना येऊ दिलं जातं. त्यांची निरीक्षणं मुख्यत्वे अमेरिकेतली होती. आपल्याकडे लोकलच्या गर्दीत हे अंतर रोज पायदळी जातं, पण तिथेही माणूस शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही, खिडकीबाहेर बघतो. लिफ्टमध्ये सगळे मजल्याच्या आकड्यांकडे का बघतात, याचं कारणही हेच. त्यामुळे कोणी वर बघतोय म्हणजे तो तुसडा आहे, असं समजू नये. जवळीक सोसवत नाही, म्हणून त्याने नजरेची सोय करून घेतलेली असते.

आता क्रम. लिफ्ट आली की दाराच्या बाजूला उभं राहावं, आतले बाहेर येऊ द्यावेत, मग आत शिरावं. नमस्कार आत शिरणाऱ्याने करायचा आणि पाऊल आत ठेवतानाच करायचा. दार बंद व्हायच्या आधी शब्द निघाला पाहिजे. दार मिटलं, दोन मजले गेले आणि मग ‘नमस्कार’ म्हटलं, तर ते मनात तोलून-मापून म्हटल्यासारखं वाटतं आणि समोरचा दचकतो. बरेच जण इथेच चुकतात आणि मग ‘आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी बोलतच नाही’ म्हणतात.

आत तिघं-चौघं असतील तर प्रत्येकाला वेगळा नमस्कार नको. एकदाच, कोणा एकाकडे न बघता म्हणावा. हात जोडायला कोपरांना जागा लागते आणि बहुतेकदा एका हातात भाजीची पिशवी असते, म्हणून मान किंचित लववून नुसतं तोंडाने म्हटलं तरी पुरे. मग दाराकडे तोंड करून उभं राहावं. आत शिरून दाराकडे पाठ आणि माणसांकडे तोंड केलं की आतल्यांना मुलाखतीला बसल्यासारखं वाटतं.

उतरताना एकच शब्द: ‘चला.’ मराठीतला हा फार सोयीचा शब्द आहे. त्याला उत्तर लागत नाही, ओळख असल्याचा दावा त्यात नाही, आणि निरोपही होतो. थोडी ओळख झाली की ‘चला, येतो’. ‘जातो’ म्हणायचं नाही, हे मराठी घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

कोणता शब्द

‘नमस्कार’ चोवीस तास चालतो आणि कोणत्याही वयाला चालतो. शंका असेल तर तोच घ्या. ‘गुड मॉर्निंग’ अनेक भाषांच्या इमारतीत बरं पडतं, फक्त दुपारनंतर गैरसोयीचं होतं. ‘सुप्रभात’ आणि ‘शुभ सकाळ’ हे व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्राखाली लिहायचे शब्द झाले आहेत. तोंडाने फार थोडे लोक म्हणतात आणि म्हटले की जरा निवेदकाचा सूर लागतो. ‘हॅलो’ अजूनही आपल्याकडे फोनचा शब्द आहे.

‘राम राम’ गावाकडे बांधावर, पारावर, एसटी स्टँडवर सहज चालतो आणि त्याचं उत्तरही ‘राम राम’च. टेकडीवर भेटणाऱ्या, गावाकडून आलेल्या वयस्कर माणसाला तो ‘नमस्कार’पेक्षा जवळचा वाटतो. सोसायटीत मात्र पहिल्या भेटीत ज्यातून जात, धर्म किंवा पंथ सूचित होईल असा शब्द आपण होऊन काढू नये. समोरून आला तर तोच परत द्यावा. ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘जय जिनेंद्र’ला ‘जय जिनेंद्र’, ‘रामकृष्ण हरी’ला ‘रामकृष्ण हरी’, ‘अस्सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम अस्सलाम’. अशा अभिवादनाला कोरडा ‘नमस्कार’ परत केला, तर आपल्या मनात काही नसलं तरी समोरच्याला त्यात अंतर जाणवतं. गोव्यात ख्रिस्ती शेजारी ‘देव बरो दीस दिवूं’ म्हणाला, तर तेच परत म्हणता येतं.

पहिल्या नमस्काराला नात्याची शेपूट लावू नये. ‘नमस्कार काकू’ मधली काकू पंचेचाळिशीची असेल तर तिचा दिवस खराब होतो, आणि ‘नमस्कार आजोबा’ मधले आजोबा टेकडी आपल्याआधी चढून उतरलेले असतात. नुसता ‘नमस्कार’ पूर्ण आहे. त्यांच्याबरोबरचं मूल त्यांना काय हाक मारतं ते कानावर पडतं, इतर शेजारी काय म्हणतात तेही कळतं. मग दादा, ताई, काका जे रूढ असेल ते उचलावं. वॉचमन, लिफ्टमन, कचरा नेणाऱ्या बाई, डिलिव्हरीचा मुलगा यांना मात्र ‘दादा’, ‘मामा’, ‘मावशी’ पहिल्यापासून चालतं. पण सोबत ‘तुम्ही’ हवं. ‘मावशी, जरा सरक’ यातली मावशी खोटी असते.

विचारायचं काय आणि काय नाही

पोलिश मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये एक गोष्ट लिहून ठेवली: माणसं बरंच बोलणं माहिती देण्या-घेण्यासाठी करत नाहीत, नुसता धागा जोडण्यासाठी करतात. मराठीत असं बोलणं भरपूर आहे. दारात चपला घालून उभ्या माणसाला ‘काय, निघालात का?’ आणि घामाने भिजून परतलेल्याला ‘काय, फिरून आलात?’ दिसतंय तेच विचारायचं. नव्या पिढीला हे बावळट वाटतं, पण अनोळखी माणसासाठी प्रश्नाचा हाच प्रकार सर्वांत चांगला आहे. ‘हो’ म्हटलं की संपलं, त्याची काही माहिती आपल्याकडे आली नाही.

याच्या अगदी एक पाऊल पुढे खड्डा आहे. ‘निघालात का?’ ठीक, ‘कुठे निघालात?’ नको. बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ म्हणून हटकू नये, ही जुन्या घरांतली रीत शकुन-अपशकुनातून आली. पण लिफ्टमध्ये ती शकुन न मानणाऱ्यालाही उपयोगी आहे, कारण ‘कुठे’ला पत्ता सांगावा लागतो. ‘भाड्याने का स्वतःचा?’, ‘भाडं किती पडतं?’, ‘मिस्टर काय करतात?’, ‘मूळचे कुठले?’ हे सगळे त्याच घरातले. आडनाव विचारण्यामागचा हेतू तर महाराष्ट्रात सगळ्यांना कळतो.

मग बोलायचं कशाबद्दल? दोघांच्या समोर असलेल्या गोष्टीबद्दल. लिफ्टचा पंखा बंद आहे, आज पाणी उशिरा येणार अशी नोटीस लागलीय, पाऊस धरून आलाय. आणि प्रश्नापेक्षा विधान बरं. ‘आज उकडतंय’ याला नुसतं ‘हं’ म्हणूनही सुटता येतं.

दोन ठिकाणी अधिक जपायला हवं. लिफ्टमध्ये एकटी बाई असेल आणि आपण पुरुष असू, तर ‘कितवा मजला?’ विचारू नये. मदत म्हणून विचारलं तरी ती कुठे राहते हे विचारल्यासारखंच होतं. आधी आपलं बटण दाबून पॅनलपासून बाजूला व्हावं, म्हणजे तिला हात घालायला जागा मिळते. तिच्या हातात सामान असेल तर ‘बटण दाबायचंय का?’ एवढं विचारावं. आपण बटण दाबेपर्यंत ती थांबली, तर तिचं तसं थांबणं बरोबर आहे. रात्री उशिरा असेल आणि ती आत असेल, तर आपण पुढच्या फेरीला जाणं सर्वांत सोपं. तिने नमस्काराला उत्तर द्यायलाच हवं असंही नाही.

दुसरं, लहान मुलं. नमस्कार सोबतच्या मोठ्या माणसाला करावा, मुलाकडे बघून हसावं, बस. नाव, शाळा, मजला विचारू नये, गाल तर अजिबात ओढू नये. मूल एकटंच असेल तर आपणहून संभाषण सुरू करू नये. घरोघरी मुलांना ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ शिकवतात, आणि आपण ते शिकवणं तिथल्या तिथे मोडायला लावत असतो.

फेरीतली तीन सेकंदं

माणूस साधारण ताशी ५ किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. समोरासमोर दोघं येत असतील तर अंतर सेकंदाला २.८ मीटरने तुटतं. दहा मीटरवरून नजर भिडली तर ओलांडून जायला साडेतीन सेकंद लागतात, आणि एवढा वेळ अनोळखी डोळ्यांत बघत राहणं कोणालाच सोसत नाही. वीस मीटरवरून हसायला सुरुवात केली तर हसू चेहऱ्यावर सुकून जातं. म्हणून लांबून एकदा बघून घ्यावं, मग नजर वाटेवर, झाडावर न्यावी. चार-पाच मीटर उरले, की पुन्हा बघावं, मान लववावी आणि ‘नमस्कार’ म्हणावं. शब्द संपेपर्यंत आपण एकमेकांना ओलांडलेलं असतं. चाल कमी करायची नाही. पावलं मंदावली की समोरच्याला वाटतं आता थांबून बोलावं लागणार.

मागून येऊन कोणाला ओलांडायचं असेल तर नमस्कार पाठीमागून घालू नये, दचकतात. बरोबरीला आल्यावर, थोडं बाजूने, मग.

गोल ट्रॅकवर वेगळीच अडचण येते. समजा ४०० मीटरचा ट्रॅक आहे आणि दोघं उलट दिशांनी सारख्या वेगाने चालताहेत. ती दर २०० मीटरला, म्हणजे साधारण दर अडीच मिनिटांनी भेटतात. चाळीस मिनिटांच्या फेरीत सोळा भेटी झाल्या. सोळा नमस्कार कोणी करत नाही, पण पाचव्या भेटीला काय करायचं हे न कळल्यामुळे लोक अचानक घड्याळ बघतात किंवा बुटाची नाडी बांधायला वाकतात. रूढ उपाय सोपा आहे: पहिल्या भेटीला शब्द, दुसरीला नुसती मान, नंतर काही नाही. डोळे चुकवायचे नाहीत आणि भिडवायचेही नाहीत, वाटेकडे बघत जायचं. समोरच्याला ते उद्धट वाटत नाही, कारण तोही मनात तेच म्हणत असतो. जाताना मात्र हात छातीपर्यंत उचलून ‘चला’ म्हणावं. आणि खरोखर टाळायचंच असेल तर सगळे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने फिरा. मग समोरासमोर येणं जवळपास संपतं.

बोलणारा चिकटला तर? तुम्ही चाल वाढवली की तोही वाढवतो, आणि गुडघ्यापासून जमिनीच्या भावापर्यंत सगळं ऐकवतो. ‘मला एकट्याने चालायला आवडतं’ हे खरं असलं तरी पहाटे सहाला म्हणवत नाही. चालीचं कारण चालतं: ‘तुम्ही व्हा पुढे, मी जरा दमाने येतो.’ किंवा ‘माझ्या अजून दोन फेऱ्या राहिल्यात, चला.’ वाक्य संपताच खरोखर हळू व्हावं किंवा वळावं. नुसतं बोलून तसंच चालत राहिलं तर उपयोग नाही. तुम्हीच कोणाला चिकटला आहात का, हे त्याच्या पायांवरून कळतं. तोंड तुमच्याकडे आणि पावलं फाट्याकडे वळलेली असली, की त्याला सोडावं.

एक उदाहरण, सोमवारपासून

अकराव्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आहे. इमारतीची लिफ्ट सेकंदाला एक मीटर वेगाची, मजल्याची उंची तीन मीटर. तळमजल्यापासून अकरावा तेहेतीस मीटरवर, दारं उघडण्या-मिटण्यासकट चाळीस सेकंद. आत सातव्या मजल्यावरचे गृहस्थ आहेत, हातात दुधाची पिशवी.

सोमवारी आत पाऊल टाकताना ‘नमस्कार’, आणि पुढे काही नाही. ते मान हलवतात, सातव्यावर उतरतात. बुधवारी पुन्हा तेच भेटतात. ‘नमस्कार. आम्ही अकराव्यावर नवीन आलोय.’ इथे माहिती आपण दिली, मागितली नाही. त्यांना बोलायचं असेल तर ते म्हणतील, ‘हो का? मी सातव्यावर.’ नसेल तर ‘बरं बरं’ म्हणतील, तेही चांगलंच उत्तर आहे. शुक्रवारी नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या सफाईचा कागद दिसतो. ‘उद्या पाणी बंद आहे वाटतं?’ आता मात्र त्यांची कळी खुलते, कारण गेल्या वेळी सफाईनंतर दोन दिवस गढूळ पाणी आलं होतं. सातवा येतो, ते एक पाय बाहेर ठेवून बोलतच राहतात, दार सेन्सरला अडून पुन्हा पुन्हा उघडतं, वर कोणीतरी बटण दाबून उभं असतं. इथे आपण म्हणावं, ‘बोलू निवांत, चला.’ नाव विचारायची वेळ यानंतर कधीतरी येते, बहुधा तेच आधी विचारतात.

तिन्ही दिवस उत्तरच आलं नसतं तर? लगेच ‘खडूस’ ठरवू नये. कारणं साधी असतात. लिफ्टच्या पंख्यात हळू आवाज विरतो, केसांखाली इअरफोन असतात, वय झालेल्याला ऐकू कमी येतं. सकाळी पूर्वेकडून येणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, कारण सूर्य त्याच्या पाठीशी असतो. त्याला आपण दिसतो, पण आपल्याला तो हसला की नाही हे कळत नाही. घाम येतो म्हणून अनेकजण फिरताना चष्मा काढून ठेवतात. पुढच्या वेळी शब्द थोडा मोठ्याने म्हणून बघावा. तीन वेगवेगळ्या दिवशी स्पष्ट ऐकू जाऊनही उत्तर आलं नाही, तर त्यानंतर नुसती मान हलवावी आणि तिथेच ठेवावं. ‘काय, ओळख नाही का?’ असा टोमणा मारला की पुढे दोघांनाही लिफ्टची वाट बघत बाजूला उभं राहावं लागतं.

एखाद्याच्या घरी दुःखद घटना झाली आहे असं कळलं, तर ‘काय, मजेत ना?’ हे तोंडात बसलेलं वाक्य आवरायचं. काही घरांत सुतकात नमस्कार करत नाहीत आणि घेतही नाहीत, तेव्हा नुसतं थांबून मान खाली घातली की पोचतं. आणि रोज दिसणारा माणूस महिनाभर दिसला नाही, मग एका सकाळी समोरून आला, तर ‘कुठे होतात इतके दिवस?’ असं विचारू नये. तो मुलीकडे अमेरिकेला गेला असेल, नाहीतर अँजिओप्लास्टी होऊन आला असेल. ‘बऱ्याच दिवसांनी दिसलात’ म्हणावं. सांगायचं असेल तर तो थांबून सांगेल, नसेल तर ‘हो ना’ म्हणून पुढे जाईल.